विसरण, परासरण आणि कैरीचा खार

आठवीतल्या माझ्या भाचीची सहामाही तोंडावर आली होती. ‘फरक स्पष्ट करा : विसरण आणि परासरण’ या प्रश्नाचे उत्तर तिने घोकून ठेवले होते. वहीच्या पानावर मधोमध रेघ, डावीकडे विसरण, उजवीकडे परासरण. विसरणात कण जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातात. परासरणात पाणी कमी संहतीच्या द्रावणाकडून जास्त संहतीच्या द्रावणाकडे जाते. विसरणाला पटल लागत नाही, परासरणाला निवडक्षम पारपटल लागते. आणि तक्त्याच्या खाली, तळटीप असावी तशी एक ओळ : परासरण हा विसरणाचाच एक प्रकार आहे.

“मावशी, हे जुळत नाही गं,” ती म्हणाली. “एक जास्तीकडून कमीकडे जातं, दुसरं कमीकडून जास्तीकडे. मग उलटं जाणारं हे त्याचाच प्रकार कसं?”

तिची शंका रास्त होती. तक्त्यातली दोन्ही वाक्ये बरोबर आहेत आणि तरीही ती शेजारीशेजारी ठेवली की एकमेकांना खोडतात. गोंधळ आहे तो ‘संहती’ या एका शब्दात. संहती म्हणजे ठरावीक जागेत एखाद्या पदार्थाचे कण किती दाटीने आहेत ते. म्हणजे संहती म्हटले की लगेच विचारायला हवे, कोणाची? डावीकडच्या वाक्यात जो पदार्थ हलतो त्याचीच संहती मोजली आहे. उजवीकडच्या वाक्यात मात्र हलते आहे पाणी आणि संहती मोजली आहे साखरेची. जिथे साखर जास्त, तिथे तेवढ्याच जागेत पाण्याला मोकळीक कमी. जिथे साखर कमी, तिथे पाणी अधिक. पाण्याच्या बाजूने पाहिले तर तेही जास्तीकडूनच कमीकडे निघालेले असते. तक्ता लिहिताना मधेच हिशेबाची वही बदलली, एवढीच गफलत.

मराठीत या दोन शब्दांची नावे छान जुळवली आहेत. दोन्हींच्या पोटात ‘सरणे’ आहे. ‘वि’ लागला की विखरत सरणे, ‘परा’ लागला की पलीकडे सरणे. पलीकडे म्हटले की मधे काहीतरी ओलांडायचे आले, आणि दोन्ही शब्दांमधला खरा फरक त्या ओलांडण्यात आहे. पण आधी ज्याला काही ओलांडायचे नसते त्या विसरणाकडे पाहू.

उदबत्तीचा वास कोण आणते?

द्रवातले आणि वायूतले रेणू सतत धडपडत असतात. एकमेकांवर आपटतात, दिशा बदलतात, पुन्हा आपटतात. कोणत्याही एका रेणूला आपण कुठे चाललो आहोत हे ठाऊक नसते. पण एका कोपऱ्यात साखरेचे रेणू दाटीने असतील आणि शेजारी विरळ असतील, तर दाटीतून बाहेर पडणारे जास्त आणि आत येणारे कमी, असे आपोआप होते. ही वजाबाकी म्हणजे विसरण. सगळीकडे सारखे झाले तरी रेणू थांबत नाहीत. जाणारे आणि येणारे सारखे होतात, म्हणून आपल्याला बदल दिसत नाही इतकेच.

विसरणाचे उदाहरण म्हणून उदबत्तीचा वास हमखास दिला जातो. देवघरात उदबत्ती लावली की क्षणात ओटीवर वास येतो. खरे तर हे उदाहरण थोडे फसवे आहे. हवा अगदी निश्चल असेल, तर सुगंधाच्या रेणूला आपल्या आपण धडपडत पाच मीटर जायला कित्येक दिवस लागतील. आपल्याला वास लगेच येतो कारण गरम धुराबरोबर हवा वर चढते, पंखा फिरत असतो, कोणी दारातून ये-जा करते. वास आणतो तो वारा. विसरण फक्त शेवटच्या टप्प्यात, झोतातून सुटलेल्या रेणूंना आसपास पसरवण्याचे काम करते.

विसरणाचा वेग अंतरावर विचित्र पद्धतीने अवलंबून असतो. अंतर दहापट वाढले की वेळ दहापट नव्हे, शंभरपट वाढतो. साखरेच्या रेणूला स्तब्ध पाण्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे अंतर, म्हणजे साधारण एका पेशीची रुंदी, पार करायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. एक सेंटिमीटर जायला साधारण एक दिवस लागतो. दहा सेंटिमीटर, म्हणजे पेल्याच्या तळापासून काठापर्यंत जायला तीनेक महिन्यांहून अधिक. चहात साखर घालून आपण चमचा का फिरवतो, याचे उत्तर या हिशेबात आहे. पेशीला मात्र चमचा लागत नाही. तिच्या अंतरांवर विसरण विजेसारखे चपळ असते.

बीट, बटाटा आणि बेदाणे

आता मधे पटल आणू. पेशीभोवतीचे पटल, ज्याला आठवीचे पुस्तक प्रद्रव्यपटल म्हणते, ते निवडक असते. पाणी त्यातून सहज जाते, साखर, मीठ आणि रंगद्रव्ये सहजी जात नाहीत. हा निवडकपणा खरोखर असतो की पुस्तकात लिहिला म्हणून मानायचा, हे स्वयंपाकघरात तपासता येते.

कच्च्या बिटाची एक चकती कापा. कापताना फुटलेल्या पेशींतला रंग बाहेर सांडलेला असतो, म्हणून ती नळाखाली नीट धुऊन घ्या आणि वाटीभर गार पाण्यात ठेवा. पाणी जवळजवळ स्वच्छ राहते. रंग आत भरलेला आहे, बाहेर अजिबात नाही, म्हणजे विसरणाला यापेक्षा चांगली संधी कोणती? तरी रंग बाहेर येत नाही, कारण पटल त्याला अडवून आहे. तशीच दुसरी चकती उकळत्या पाण्यात टाका. पाणी लगेच लालजांभळे होते. उष्णतेने पटल मोडले, रंगाला मोकळीक मिळाली आणि तो पसरू लागला. पहिल्या वाटीत पटल जिवंत होते, दुसरीत ते मेले.

बटाट्याचा प्रयोग हीच गोष्ट पाण्याच्या बाजूने दाखवतो. कच्चा बटाटा अर्धा कापून आतून वाटीसारखा कोरा, तळाची साल काढा, बशीभर पाण्यात उभा ठेवा आणि कोरलेल्या खळग्यात चमचाभर साखर घाला. काही तासांनी खळगा पाण्याने भरलेला दिसतो. बशीतले पाणी बटाट्याच्या जिवंत पेशींमधून वर चढले, साखर मात्र त्या पेशींमधून तितक्या सहज खाली उतरली नाही. शेजारी उकडलेल्या बटाट्याची तशीच वाटी ठेवली तर पाणी तसे चढत नाही, आणि काही वेळाने बशीतले पाणी चाखले तर गोड लागते. पटल गेले की परासरण संपते आणि उरते ते साधे विसरण : साखर खाली, पाणी वर, दोघांनाही रस्ता मोकळा.

इथे पाठ्यपुस्तकातल्या बेदाण्यांबद्दल बोलायला हवे. बेदाणे पाण्यात टाकले की फुगतात, हे परासरणाचे ठरलेले उदाहरण. बेदाण्यात साखर खच्चून भरलेली असते आणि पाणी आत शिरते, इथपर्यंत सगळे खरे. पण रात्रभर भिजवलेल्या बेदाण्यांचे पाणी सकाळी पिणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते, ते पाणी गोड असते. साखर बाहेर आली. पटल शाबूत असते तर ती आली नसती. वाळताना बहुतेक पेशी मेलेल्या असतात, त्यांची पटले गळकी झालेली असतात. बेदाणा फुगतो त्यात साखरेची ओढ आहे, वाळलेल्या गराचे पाणी शोषून घेणेही आहे, आणि उलट दिशेने साखरेचे विसरणही चालू आहे. उदाहरण चुकीचे नाही, पण भेसळीचे आहे. शुद्ध परासरण पाहायचे असेल तर कच्चा बटाटा बरा. ओळखण्याची खूणही सोपी : बाहेरच्या पाण्यात साखर आली का, ते चाखून पाहायचे.

सात मीटरचा खांब

1748 मध्ये फ्रान्समधल्या झां-आंत्वान नोले या धर्मगुरू-वैज्ञानिकाने मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाचे पातळ कातडे घट्ट बांधले आणि ते भांडे पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी कातडे बाहेरच्या बाजूला टम्म फुगले. टाचणी टोचताच आतला द्रव कारंज्यासारखा उडाला. पाणी आत जाऊन थांबले नव्हते, आत गर्दी करून त्याने दाब निर्माण केला होता. पुढे पश्चिमेत या घटनेला जे ‘ऑस्मोसिस’ नाव मिळाले, ते ज्या ग्रीक शब्दावरून आले त्याचा अर्थ ‘ढकलणे’ असा आहे. मराठी शब्द ओलांडणे सांगतो, ग्रीक शब्द ढकलणे सांगतो. दोन्ही मिळून गोष्ट पुरी होते.

हे ढकलणे किती जोराचे असते ते मोजले जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी. त्यांचे मोजमाप 1877 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी भाजलेल्या मातीचे सच्छिद्र भांडे घेतले. एका बाजूने मोरचुदाचे द्रावण आणि दुसऱ्या बाजूने पोटॅशियम फेरोसायनाइडचे द्रावण मुरवले. भांड्याच्या भिंतीत दोन्ही द्रावणे भेटली तिथे तपकिरी रंगाचा एक साका बसला. या साक्याच्या पडद्यातून पाणी जाते आणि साखर जात नाही. त्याच्या पाठीला मातीच्या भिंतीचा आधार असल्यामुळे तो दाबाखाली फाटतही नव्हता. मग भांड्यात साखरेचे द्रावण भरले, भांडे पाण्यात ठेवले आणि वर पाऱ्याचा दाबमापक जोडला.

एक टक्का साखरेच्या द्रावणाने पारा 53.5 सेंटिमीटर वर उचलला. पारा पाण्याच्या 13.6 पट जड असतो. म्हणजे तोच दाब पाण्याच्या भाषेत सांगायचा तर सव्वासात मीटर उंचीचा खांब. एक टक्का म्हणजे अर्ध्या लिटर पाण्यात एक चहाचा चमचा साखर. एवढ्या फिक्या पाण्याला पाणी आपल्याकडे खेचून दुमजली घराच्या उंचीइतका खांब तोलून धरता येतो. साखर दुप्पट केली, दोन टक्के, तर पारा 101.6 सेंटिमीटरपर्यंत गेला, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

आता भाचीच्या तक्त्याकडे परत या. विसरण कुठे थांबते? दोन्हीकडची संहती सारखी झाली की. परासरण कुठे थांबते? फेफर यांच्या भांड्यात शेवटपर्यंत आत साखर होती आणि बाहेर निव्वळ पाणी होते. संहती कधीच सारखी झाली नाही, होणे शक्यही नव्हते, कारण साखरेला बाहेर पडता येत नव्हते. तरीही पाणी थांबले. ते थांबवले दाबाने. आत साठलेल्या पाण्याचा दाब इतका वाढला की जितके पाणी आत शिरत होते तितकेच तो बाहेर ढकलू लागला. विसरणाचा शेवट समानतेत होतो. परासरणाचा शेवट असमानता तशीच ठेवून, दाबाच्या तोलावर होऊ शकतो. तक्त्यात ही ओळ असायला हवी, आणि बहुतेक वह्यांमध्ये ती नसते.

या दाबाचे घरातले दर्शन म्हणजे कोथिंबीर. सुकून मान टाकलेली जुडी देठाकडून पाण्यात ठेवली की तासा-दोन तासांत ताठ होते. पाणी पेशीत शिरते, पेशी फुगते, पण तिच्याभोवती पेशीभित्तिकेचे मजबूत आवरण असते. ते एका मर्यादेनंतर ताणत नाही, उलट दाबते. आतला दाब आणि बाहेरची भिंत यांच्या या ओढाताणीमुळे पान ताठ राहते. फेफर यांच्या भांड्यात मातीची भिंत जे काम करत होती, ते इथे पेशीभित्तिका करते.

नऊ ग्रॅम मीठ, पन्नास ग्रॅम ग्लुकोज

आपल्या लाल रक्तपेशीला अशी भिंत नसते. ती साध्या पाण्यात टाकली तर तिच्या आतल्या द्रावणाचा दाब सात वातावरणांहून अधिक भरेल इतके पाणी आत येऊ पाहते. नाजूक पटलाला एवढे झेपत नाही. थोड्याच वेळात पेशी फुटते. म्हणूनच शिरेतून कधी निव्वळ पाणी चढवत नाहीत. पुस्तकाच्या भाषेत साधे पाणी हे पेशीसाठी अवपरासारी द्रावण. चढवायचे ते समपरासारी, म्हणजे ज्यात पाणी आत-बाहेर सारखेच होईल असे.

दवाखान्यात दोन बाटल्या नेहमी दिसतात. एक 0.9 टक्के सलाइनची, दुसरी 5 टक्के डेक्स्ट्रोजची, म्हणजेच ग्लुकोजची. एका लिटरमध्ये एकीत 9 ग्रॅम मीठ, दुसरीत 50 ग्रॅम ग्लुकोज. वजनात पाचपटीहून अधिक फरक आहे. तरी चढवताना दोन्ही रक्ताला समपरासारी मानतात. हे कसे?

याचे उत्तर असे की पाण्याला द्राव्याच्या वजनाशी देणेघेणे नसते. त्याला मोजायचे असतात ते कण. ग्लुकोजचा एक रेणू मिठाच्या एका जोडीच्या, म्हणजे एक सोडियम आणि एक क्लोराइड यांच्या, सुमारे तिप्पट जड असतो (180 विरुद्ध 58.5). शिवाय पाण्यात पडताच मिठाची जोडी फुटते आणि एकाचे दोन कण होतात. ग्लुकोजचा रेणू अखंड राहतो. तिप्पट गुणिले दुप्पट, म्हणजे तेवढेच कण मिळवायला ग्लुकोज मिठाच्या सहापट वजनाने घालावे लागेल. 9 ग्रॅमला सहाने गुणले तर 54. बाटलीत 50 आहे. बारकाईने मोजले तर सलाइनच्या लिटरात 308 आणि डेक्स्ट्रोजच्या लिटरात सुमारे 278 इतके कण येतात. मोजण्याचे एकक मिलिऑस्मोल, पण ते डझनासारखे समजा, फक्त डझन फार मोठा. रक्तातल्या द्रवात हा आकडा 285 ते 295 च्या आसपास असतो. दोन्ही बाटल्या त्याच्या दोन बाजूंना जवळ उभ्या आहेत.

कणांची ही मोजणी गणितात बसवली ती डच रसायनशास्त्रज्ञ फांट हॉफ यांनी, 1880 च्या दशकात. फेफर यांच्या आकड्यांकडे त्यांचे लक्ष वेधले होते ह्यूगो द व्रीस या वनस्पतिशास्त्रज्ञ सहकाऱ्याने. फांट हॉफ यांच्या ध्यानात आले की विरल द्रावणात साखरेच्या कणांमुळे जितका परासरण दाब येतो, तितकाच दाब तेवढ्या जागेत तेवढेच वायूचे रेणू कोंडले असते तर आला असता. 1901 मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, त्यामागे हे काम होते.

मात्र कण मोजणेही पुरेसे नसते. ते कण पटलापाशी अडतात का, हेही पाहावे लागते. युरियाचे द्रावण असे बनवले की त्यातल्या कणांची संख्या रक्ताइतकीच असेल, आणि त्यात लाल पेशी सोडल्या, तर त्या थोड्याच वेळात फुटतात. कारण युरिया पटलातून आत घुसतो. तो आत गेला की बाहेर उरते जवळजवळ साधे पाणी. आकडा समपरासारी होता, द्रावण नव्हते. कोणते द्रावण समपरासारी हे कागदावर पूर्ण ठरत नाही, ते त्या पटलालाच विचारावे लागते.

प्रकार म्हणावे का?

तक्त्याखालची ती तळटीप अजून उरली आहे. परासरण हा विसरणाचा प्रकार आहे, हे शाळेत शिकवतात ते सोयीचे आहे, दिशेचा गोंधळ त्याने सुटतो. पण त्याला मर्यादा आहे. 1950 च्या दशकात संशोधकांनी लाल रक्तपेशींवर दोन वेगवेगळी मोजमापे केली. एकात दोन्ही बाजूंना सारखेच द्रावण ठेवून, खूण केलेले पाण्याचे रेणू पटलापलीकडे किती वेगाने मिसळतात ते पाहिले. हे शुद्ध विसरण. दुसऱ्यात दोन्हीकडे वेगळी द्रावणे ठेवून परासरणाने किती पाणी जाते ते पाहिले. पाणी निव्वळ एकएकटे धडपडत जात असते तर दोन्हींवरून पटलाची पाझरण्याची क्षमता सारखीच निघायला हवी होती. परासरणाचा आकडा मोठा निघाला. म्हणजे पटलात कुठेतरी वाटा होत्या, आणि त्यांतून पाणी रांगेने, एकामागून एक ढकलले जात होते. सुट्या रेणूंच्या भटकंतीपेक्षा हे वेगळे.

ती वाट अमेरिकेतल्या पीटर ॲग्रे यांना सापडली. लाल रक्तपेशीच्या पटलात भरपूर असलेल्या एका प्रथिनाचे काम काय, हे कोणाला ठाऊक नव्हते. 1992 मध्ये त्यांच्या गटाने ते प्रथिन बनवण्याची सूचना बेडकाच्या अंड्यांमध्ये घातली आणि अंडी विरल द्रावणात ठेवली. साधी अंडी तशीच राहिली. प्रथिन असलेली अंडी फुगली आणि फुटली. पाण्याची ही वाट, ॲक्वापोरिन, एवढी अरुंद असते की त्यातून पाण्याचे रेणू एका ओळीतच जातात. या शोधासाठी ॲग्रे यांना 2003 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

तेव्हा ‘विसरणाचा प्रकार’ हे शब्द दिशेसाठी ठेवावेत आणि वाहण्याच्या रीतीसाठी फार ताणू नयेत. पाणी कुठे जाईल हे विसरणासारखेच ठरते. कसे जाईल हे पटल ठरवते.

बरणीतला क्रम

भाचीला हे सगळे सांगून झाले तेव्हा ताईने ओट्यावर कैऱ्या चिरायला घेतल्या होत्या. फोडींना मीठ-हळद चोळून पातेले झाकून ठेवले. या एका पातेल्यात दोन्ही क्रिया होतात, आणि एका ठरावीक क्रमाने होतात.

मीठ लावले की फोडीच्या ओल्या पृष्ठावर ते विरघळते आणि अतिशय दाट द्रावण तयार होते. पुस्तकातले अतिपरासारी द्रावण. आतल्या पेशी अजून जिवंत आहेत, त्यांची पटले मीठ अडवून धरतात आणि पाणी सोडतात. म्हणून सुरुवातीला पाणीच बाहेर येते. काही तासांत पातेल्याच्या तळाशी खार जमतो आणि फोडी थोड्या आक्रसतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर पेशीतला जीवद्रव्याचा गोळा भित्तिकेपासून सुटून मधे गोळा झालेला दिसेल. हा रससंकोच. अकरावीला ऱ्हिओच्या जांभळ्या पानाच्या सालीवर हेच पाहतात, कारण रंगामुळे आक्रसलेला गोळा ठळक दिसतो. इथपर्यंत सगळे परासरण आहे. या वेळी फोड खाऊन पाहा : बाहेरून खारट, आत अजून आंबट.

पण एवढ्या मिठात पेशी फार काळ तग धरत नाहीत. पाणी गमावून त्या मरतात आणि त्यांची पटले गळकी होतात. आता मिठाला अडवणारे कोणी नाही. ते हळूहळू आत सरकते, आतला आंबट रस बाहेर येतो, आणि फोड व खार यांची चव जुळत जाते. हे विसरण. आणि विसरण असल्यामुळे त्याला वेळ लागतो. अंतर दुप्पट तर वेळ चौपट, म्हणून मोठी फोड मुरायला लहान फोडीपेक्षा खूपच जास्त दिवस लागतात. ‘लोणचे अजून मुरले नाही’ म्हणताना आपण विसरण पुरे झाले नाही असेच म्हणत असतो.

भाचीने वही पुढे ओढली. तक्त्यात तिने एक ओळ खोडली आणि दोन नव्या लिहिल्या. ‘काय हलते?’ या ओळीत डावीकडे ‘ज्याची संहती मोजली तेच’, उजवीकडे ‘पाणी, पण संहती मोजली साखरेची’. ‘कुठे थांबते?’ या ओळीत डावीकडे ‘सारखे झाल्यावर’, उजवीकडे ‘दाब पुरेसा झाल्यावर’. मग थोडा विचार करून पातेल्याकडे पाहत तिने विचारले, “मावशी, उद्या यातली एक फोड सुरीने मधोमध कापून चाखली, तर खारटपणा कुठवर आलाय ते कळेल ना?”

कळेल. फक्त सगळ्या फोडी चाखून संपवू नकोस, असे ओट्याकडून ताईने बजावले.